वर्णन डोळ्यांसमोर उभं राहतं, पण काही वाटत नाही

प्रश्न: माझ्या कथेत एक बाई बऱ्याच वर्षांनी माहेरच्या वाड्यात येते. तिला तिथं परकं वाटायला हवं, थोडी भीतीही वाटायला हवी. मी सगळं बारकाईनं लिहिलंय, पण वाचणारे म्हणतात, वर्णन छान आहे, वाडा दिसतो, पण काही वाटत नाही. माझा शब्दसंग्रह कमी पडतोय का? समानार्थी शब्दांचा कोश घेऊन बसू का? परिच्छेद असा आहे:

«संध्याकाळची वेळ होती. वाड्यात भयाण शांतता पसरली होती. माजघरात उदास अंधार होता. देवघरात समई जळत होती. कोपऱ्यात आईची जुनी पेटी होती. भिंतीवर वडिलांचा फोटो होता. जुन्या लुगड्यांचा गूढ वास येत होता. दारात म्हातारा गडी बसला होता.»

उत्तर:

तुमचा शब्दसंग्रह पुरेसा आहे. परिच्छेदातले तपशीलही चांगले निवडलेत. पेटी, लुगडी आणि गडी यांवर अख्खी कथा उभी राहू शकते. अडचण वेगळीच आहे. मनःस्थिती सांगायचं काम तुम्ही तीन विशेषणांवर सोपवलंय, «भयाण», «उदास» आणि «गूढ», आणि बाकीचे सगळे शब्द कुठलाच रंग नसलेले ठेवलेत. विशेषण वाचकाला काय वाटायला हवं ते सांगतं. तसं वाटायला लावतात ती नामं आणि क्रियापदं, आणि तुमची क्रियापदं एका ओळीत लिहिली तर अशी दिसतात: होती, पसरली होती, होता, जळत होती, होती, होता, येत होता, बसला होता. एवढ्यावरून कुणालाही विचारा, या घरात काय झालं असेल? उत्तर येणार नाही.

शब्दाला कोशातला अर्थ असतो, आणि त्याशिवाय तो कुणाच्या तोंडी, कुठल्या प्रसंगी, कशाच्या सोबतीनं येतो याची आठवणही असते. ही आठवण आपण रोज सांभाळतो. देवापुढे नारळ «वाढवतो», फोडत नाही. रात्री दुकान «वाढवतो». घरातून निघताना «जातो» म्हणत नाही, «येतो» म्हणतो. नारळ तोच, दुकान तेच, जाणंही तेच. पण अशुभाची सावली नको म्हणून शब्द बदलला. बोलताना आपण हे न चुकता करतो, आणि लिहायला बसलो की शब्दाचा फक्त अर्थ तपासतो. दिवाळी अंकांसाठी येणाऱ्या कथांचं संपादन मी बरीच वर्षं करते आहे. तुमच्यासारखे परिच्छेद तिथं कायम येतात, आणि त्यांवर काम करायची माझी पद्धत एकच आहे: घटना आणि वस्तू यांना हात लावायचा नाही, फक्त शब्द बदलून बघायचे. तुमच्या परिच्छेदावर तेच करू.

पहिला शब्द घ्या, «संध्याकाळ». हा घड्याळाचा शब्द आहे, कशातही चालतो. त्याच वेळेला मराठीत आणखी बरीच नावं आहेत आणि प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं आहे. «सायंकाळ» लग्नपत्रिकेत आणि सभेच्या निमंत्रणात राहते; कथेत आली की निवेदक सूट घालून उभा असल्यासारखा वाटतो. «सांज» कवितेतून येते आणि आपली कविता सोबत घेऊन येते. «कातरवेळ» मुळात फार सुंदर शब्द, पण गाण्यांनी आणि शुभेच्छांच्या मजकुरांनी तो इतका वापरलाय की हुरहूर वाटायच्या आधी «आता हुरहूर येणार» हेच वाचकाला कळतं. राहिले दोन, «दिवेलागण» आणि «तिन्हीसांजा».

या दोघांतला फरक तुमच्या कथेच्या फार कामाचा आहे. दिवेलागण म्हटलं की घरात दिवा लावणारं कुणीतरी आहे हे आपोआप आलं. मुलं खेळून परत आली आहेत, हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायला बसली आहेत. हा वस्तीचा, उबेचा शब्द आहे. तिन्हीसांजा म्हटलं की आजीचे निषेध ऐकू येतात: तिन्हीसांजेला केर काढू नये, केस विंचरू नयेत, उंबऱ्यावर बसू नये, कुणाला पैसे देऊ नयेत, रडू नये. वेळ तीच, पण इथं काहीतरी बाधण्यासारखं आहे. तुम्हाला भीती हवी आहे, म्हणजे तुमचा शब्द ठरला. आणि तो आला की «भयाण» हा शब्द लिहायची गरज बरीचशी संपली.

आता «भयाण शांतता पसरली होती». यातल्या पहिल्या दोन शब्दांची जोडी इतकी पक्की झाली आहे की वाचक तो एकच शब्द असल्यासारखा वाचून पुढे जातो. मिट्ट काळोख, नीरव शांतता, गर्द झाडी यांचंही तसंच झालंय. जोडीतला एक शब्द आला की दुसरा गृहीत धरला जातो, आणि जे गृहीत धरलं ते वाटत नाही. मग काय लिहावं? आवाज नसण्याचे प्रकार बघा. «शुकशुकाट» रस्त्यावर, बाजारात, एसटी स्टँडवर असतो. जिथं माणसं असायला हवीत आणि नाहीत, तिथं. «सामसूम» म्हणजे निजानीज झाल्यावरची, दारं लावून घेतल्यानंतरची. «निवांत» मध्ये कुणीतरी आरामात टेकलेलं आहे. आणि «चिडीचूप» मध्ये कुणीतरी आवाज दाबून धरलाय. वर्गात मास्तर आले की मुलं चिडीचूप होतात.

तुमच्या नायिकेला परकं वाटायचं आहे ना? मग वाड्यात शांतता «होती» असं न लिहिता असं लिहा: ती चौकात पाऊल टाकते न टाकते तोच घर चिडीचूप झालं. आता वाचकाच्या मनात आपोआप प्रश्न येतो, म्हणजे आधी कोण बोलत होतं? आणि ती आल्यावर का थांबलं? भीती लिहावी लागली नाही. परकेपणही लिहावं लागलं नाही, कारण ज्या घरात आपण आलो की बोलणं थांबतं ते घर आपलं राहिलेलं नसतं.

समई «जळत होती» हे मी पाहिल्याबरोबर खोडलं असतं. बल्ब जळतो, लाकूड जळतं, प्रेतही जळतं. समई तेवते. तेवणारी समई म्हणजे कुणीतरी वात नीट केलेली, तेल घातलेलं, ज्योत स्थिर. त्याच समईची ज्योत «मिणमिणत» असेल तर तेल संपत आलंय, किंवा घालणाऱ्याचं लक्ष उडालंय. अशा उजेडाच्या शब्दांत मराठी फार श्रीमंत आहे आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत: चांदण्या लुकलुकतात, दागिने लखलखतात, लग्नाचा मांडव झगमगतो, आणि मिणमिणतो तो फक्त अशक्त उजेड. तुम्हाला एकच क्रियापद बदलायचंय आणि देवघराची सगळी अवस्था त्यात येते. «जळत होती» हे मात्र एखाद्या ठिकाणी मुद्दाम वापरता येईल. नायिकेला त्या देवघराची चीड असेल तर समई जळूच द्या.

पेटीवर मी जरा जास्त थांबणार आहे. मराठीतली सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट तिथं आहे. मुख्य क्रियापदाला जे दुसरं क्रियापद आपण सहज जोडतो, त्यात बोलणाऱ्याचा कल असतो. «त्यानं सांगितलं» ही नुसती बातमी. «सांगून टाकलं» म्हणजे ओझं उतरवलं. «सांगून ठेवलं» म्हणजे पुढची तजवीज केली. «सांगून बसला» म्हणजे घात झाला, आता परत घेता येत नाही. चारही वाक्यांत घडलं तेच, पण आपल्याला त्या माणसाबद्दल चार वेगळ्या गोष्टी वाटल्या, आणि एकही विशेषण लागलं नाही.

हेच निर्जीव वस्तूंना लागू होतं. कोपऱ्यात आईची पेटी «ठेवलेली» होती म्हटलं की एक हात दिसतो, काळजीनं ठेवणारा. पेटी «टाकलेली» होती म्हटलं की तोच हात बेफिकीर होतो. पेटी «पडून» होती म्हटलं की हातच नाहीसा होतो, बरेच दिवस कुणी फिरकलेलं नाही. आणि पेटी «सरकवून दिलेली» होती म्हटलं की ती कुणाच्या तरी वाटेत येत होती. आईची पेटी त्या घरात कुणाच्या तरी वाटेत येत होती, हे एका क्रियापदानं सांगितलं तर वहिनीवर वेगळा परिच्छेद लिहायची गरज उरत नाही. तुमच्या कथेत कोणतं खरं आहे ते तुम्हीच ठरवायचं. पण «पेटी होती» लिहिलंत तर यांतलं काहीच खरं नाही.

फोटोचं पाहू. फोटो भिंतीवर लावतात, टांगतात, कधी लटकतो. «लावलेला» असला तर घरातला, «टांगलेला» असला तर थोडा उपरा, «लटकत» असला तर हेळसांड. पण इथं क्रियापदापेक्षा नाम जास्त बोलतं. तुम्ही «वडिलांचा फोटो» लिहिलंय. ती स्वतः त्यांना वडील म्हणत असेल का? ती अण्णा म्हणत असेल, नाना म्हणत असेल, दादा म्हणत असेल. «वडिलांचा» हा शब्द सरकारी फॉर्मवरच्या रकान्यात शोभतो. कथा तिच्या डोळ्यांनी दिसत असेल तर «अण्णांचा फोटो» लिहा. मग हे एक हाक मारलेलं नाव आजूबाजूच्या परक्या शब्दांत एकटं पडेल, आणि तिचं एकटेपण त्यातून दिसेल. कथेत तिचं आणि अण्णांचं बिनसलेलं असेल तर मात्र «वडिलांचा» हाच शब्द बरोबर आहे, कारण तेव्हा ते अंतर तिनंच ठेवलेलं आहे. म्हणून हा शब्द कथेवरून तुम्हीच ठरवा; खाली मी तात्पुरतं «अण्णांचा» धरलंय.

«गूढ वास» मात्र काढाच. नाकाला गूढ कळत नाही. वास आंबट असतो, उग्र असतो, कुबट असतो. त्यांतही «कुबट» म्हणजे न वाळवलेल्या, न वापरलेल्या कपड्याअंथरुणांचा. «कोंदट» ही बंद खोलीतली हवा. लुगड्यांना कुबट हाच शब्द. वासाची क्रियापदंही ऐकून पाहा. फोडणीचा वास सुटतो, मोगऱ्याचा दरवळतो, मोरीचा मारतो. आपण नुसतं «वास येतोय» म्हटलं तरी समोरचा नाकाला रुमाल लावतो. इथं मी «कुबट वास अंगावर आला» असं लिहीन. अंगावर येणं हे कुत्र्याचं, भांडणाऱ्या माणसाचं क्रियापद आहे. आईच्या लुगड्यांचा वास अंगावर येतो, यात तिला धक्का बसलाय, आणि तो आईच्याच वस्तूनं दिलाय.

शेवटी गडी. «म्हातारा गडी», «वृद्ध सेवक», «थेरडा», «ते म्हातारं»: माणूस एकच, बघणारे चार. नपुंसकलिंगी «म्हातारं» विशेष जपून वापरा. गावाकडच्या बोलीत त्यात माया असू शकते, कीव असू शकते, तुच्छताही असू शकते. ते आजूबाजूच्या वाक्यांवर ठरतं. आणि तो «बसला होता» की «बसून होता»? «बसला होता» ही स्थिती. «बसून होता» यात बराच वेळ आहे, वाट पाहणं आहे, कदाचित पाळत आहे. «टेकला होता» यात थकवा आहे. शिवाय तुम्ही त्याला दारात बसवलंय, तो उंबऱ्यावर बसू द्या. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसलेला माणूस, हे आजीच्या निषेधातलंच एक मोडलेलं आहे. इथं मी शब्दाबरोबर तपशीलही किंचित सरकवला, हे मान्य. पण दार आणि उंबरा यांत दोन पावलांचंही अंतर नाही.

आता तुमचाच परिच्छेद, त्याच वस्तू, त्याच क्रमानं:

«तिन्हीसांजा झाल्या होत्या. ती चौकात पाऊल टाकते न टाकते तोच घर चिडीचूप झालं. माजघरात काळोख साचला होता. देवघरात समई मिणमिणत होती. कोपऱ्यात आईची पेटी सरकवून दिलेली. भिंतीवर अण्णांचा फोटो होता. जुन्या लुगड्यांचा कुबट वास अंगावर आला. उंबऱ्यावर म्हातारा गडी बसून होता.»

आणि हाच वाडा, हीच बाई, पण घर तिला जवळ घेतंय:

«दिवेलागण झाली होती. ती चौकात आली तेव्हा घर निवांत होतं. माजघरात अंधार उतरला होता. देवघरात समई तेवत होती. कोपऱ्यात आईची पेटी ठेवलेली. भिंतीवर अण्णांचा फोटो होता. जुन्या लुगड्यांचा ओळखीचा वास आला. उंबऱ्याशी म्हातारा गडी टेकला होता.»

दोन्हींत घर आहे, काळोख आहे, समई, पेटी, फोटो, लुगडी आणि गडी आहे. «काळोख साचला» आणि «अंधार उतरला» हे शेजारी ठेवून बघा. साचतं ते पाणी, घाण, मळ. साचलेलं हलत नाही आणि त्याला वास येतो. उतरतं ते हळूच, वरून, बहुधा भलं असतं; ताप उतरतो, ऊन उतरतं. हे पहिल्या परिच्छेदात कुठंही सांगितलेलं नाही, तरी वाचकाच्या अंगाला ते लागतं.

फोटोचं वाक्य मी दोन्हींत तसंच कोरं ठेवलंय, फक्त नाव बदललं. हे मुद्दाम आहे. आठच्या आठ वाक्यं एकाच बाजूला ओढत असली की वाचक सावध होतो. लेखक आपल्याला घाबरवायला बसलाय हे त्याला कळतं. एखादं वाक्य नुसतं «होता» वर सोडलं की दम घ्यायला जागा मिळते, आणि डोळाही त्या साध्या गोष्टीवर जास्त वेळ थांबतो. तुमची मूळ आठ क्रियापदं चुकीची होती असं नाही. ती सगळी एकसारखी कोरी होती, एवढंच.

समानार्थी शब्दांच्या कोशाबद्दल विचारलंत. तो घ्या, पण त्याच्या मर्यादेसह. अंधार, काळोख, तिमिर, तम हे तिथं एका ओळीत शेजारी बसलेले दिसतात, जणू कुठलाही उचलावा. पण «माजघरात तिमिर दाटला होता» लिहिलंत की चूल, पेटी, लुगडी या घरगुती शब्दांत एक संस्कृत पाहुणा येऊन बसतो, आणि वाचकाचं लक्ष अंधाराकडे न जाता शब्दाकडे जातं. मी जास्त वापरते ते कोश वेगळे आहेत. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८) बऱ्याच नामांपुढे ते कोणत्या क्रियापदांबरोबर येतं ते देतात. मला तेच हवं असतं. वासाबरोबर काय येतं, काळोखाबरोबर काय येतं हे कळलं की शब्दाची सोबत कळते, आणि छटा सोबतीत असते.

समानार्थी शब्द खरे समान नसतात, हे आपल्याकडे फार आधी बारकाईनं मांडलं गेलंय. दहाव्या शतकाच्या सुमारास काश्मीरमध्ये कुंतक या काव्यशास्त्रकारानं वक्रोक्तीचा, म्हणजे साध्या बोलण्याहून वेगळ्या, खास बोलण्याचा सिद्धांत लिहिला. त्यात त्यानं कालिदासाच्या कुमारसंभवातला, पाचव्या सर्गातला एक श्लोक घेतलाय. शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेषात पार्वतीकडे येतो आणि तिचं मन शंकरावरून उडावं म्हणून बोलतो: त्याच्या भेटीची इच्छा धरल्यामुळे आता दोघी कीव करण्याजोग्या झाल्या, एक ती तेजस्वी चंद्रकोर आणि दुसरी तू. इथं शंकरासाठी शब्द आहे «कपाली», हातात कवटी घेतलेला. कुंतक म्हणतो, परमेश्वराची नावं हजार असू शकतील, पण इथं हेच नाव हवं, कारण त्यानं किळस उभी राहते आणि बोलणाऱ्याचा हेतू त्याच किळशीनं साधतो. «पिनाकी» म्हटलं असतं, म्हणजे पिनाक धनुष्य धरणारा, तर देव तोच राहिला असता आणि पार्वतीपुढे एक वीर उभा राहिला असता. त्या निंदेला मग धारच उरली नसती. तुम्ही पेटीसाठी «ठेवलेली» आणि «सरकवून दिलेली» यांत निवड करता तेव्हा नेमका हाच प्रश्न तुमच्यापुढे असतो.

हे सगळं कुणाच्या कानावर अवलंबून आहे, हेही सांगायला हवं. मी «काळोख» हा दाट, जड शब्द म्हणून वापरला, कारण देशावरच्या माझ्या कानाला तो तसा लागतो. कोकणात आणि मुंबईत तो रोजचा साधा शब्द आहे. तिथल्या आजीच्या तोंडी «काळोख झाला, आत या» यात भीती शून्य. तुमची नायिका रत्नागिरीची असेल आणि कथा तिच्या आवाजात असेल, तर काळोखावर मी भार टाकणार नाही. तिथं «साचला» या क्रियापदालाच सगळं काम करावं लागेल. म्हणून शब्द बदलण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या: हे कोण बघतंय, आणि त्या माणसाच्या लहानपणी घरात कोणती मराठी बोलली जायची. निवेदक तटस्थ असेल तर बरीच मोकळीक मिळते. तिच्याच डोळ्यांनी वाडा दिसत असेल तर तिच्या तोंडी न बसणारा सुंदर शब्दसुद्धा बाहेर ठेवावा लागतो.

लिहून झाल्यावर तपासायचं कसं? मी एक काम नेहमी करते. परिच्छेदातली सगळी विशेषणं पेन्सिलीनं झाकते आणि उरलेलं मोठ्यानं वाचते. मनःस्थिती तशीच राहिली तर विशेषणं फुकट होती, ती काढून टाकते. मनःस्थिती गेली तर ती कधी परिच्छेदात नव्हतीच, नुसती सांगितलेली होती. मग क्रियापदं आणि नामं एका कागदावर वेगळी काढून, कथा न वाचलेल्या कुणाला तरी देते आणि विचारते, या घरात काय चाललं असेल? «तिन्हीसांजा, चिडीचूप झालं, साचला, मिणमिणत, सरकवून दिलेली, अंगावर आला, बसून होता» एवढ्यावर लोक बोलू लागतात. कुणी मरण सांगतं, कुणी भाऊबंदकी सांगतं. उत्तरं वेगवेगळी असली तरी चालतात. ती एकाच दिशेची आहेत का, एवढंच मी बघते. कुणी म्हणालं, लग्नघर असेल, तर एखादा शब्द उलट्या बाजूला ओढतोय, आणि बहुतेक वेळा तो शब्द एखादं सुंदर वाटलेलं क्रियापद असतं. भीतीच्या परिच्छेदात उगाच «दरवळला» आलेला असतो.

एक अडचण मात्र या तपासणीतून सुटत नाही. तिन्हीसांजा आणि उंबरा यांचे निषेध ज्यांनी घरात ऐकलेत, त्यांच्यासाठी ते शब्द भरलेले आहेत. फ्लॅटमध्ये वाढलेल्या, उंबरा न पाहिलेल्या वाचकाला «तिन्हीसांजा» ही फक्त जुनी वाटणारी संध्याकाळ आहे. अंक कुणासाठी आहे त्यावर ठरवा. तरुण वाचक जास्त असतील तर टीप देऊ नका, «तिन्हीसांजेला अशुभ मानतात» असं वाक्यही घालू नका. त्यानं शब्द लगेच विझतो. त्यापेक्षा तो निषेध एखाद्या कृतीतून येऊ द्या. गड्याला उंबऱ्यावर बसलेला बघून तिच्या तोंडून आईचं वाक्य निघतं, «उठा तिथून, तिन्हीसांजेचं काय बसलात», आणि तो उठत नाही. एवढ्यानं न ऐकलेल्या वाचकालाही निषेध कळतो, आणि घरात तिचं कुणी ऐकत नाही हेही त्याच वाक्यात कळतं. हे वाक्य परिच्छेदाच्या शेवटी घाला, आणि पुढचा परिच्छेद गड्याच्या उत्तरानं सुरू करा.